प्लास्टरनंतरची पहिली रात्र

लहान मुलाच्या हाताला प्लास्टर घालायला आमच्या प्लास्टर रूममध्ये फार तर अर्धा तास लागतो. पुढचे चार-पाच आठवडे ते प्लास्टर सांभाळतात ते आई-वडील, आणि बऱ्याचदा आजी. त्यांच्या हातात जाताना आम्ही काय देतो? केसपेपर, औषधाची बाटली आणि एक माहितीपत्रक. या पत्रकावर मी आणि आमच्या प्लास्टर रूममधल्या मंडळींनी जितका वेळ घालवला तितका एखाद्या ऑपरेशनच्या तयारीवरही घालवला नसेल. त्याची ही हकिगत.

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी मी अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आंब्या-काजूची झाडं, पावसाळ्यात शेवाळलेलं अंगण आणि बारा महिने सायकल, असा आमच्याकडच्या मोडलेल्या हातांचा हंगाम असतो. पडताना मूल हात पुढे टेकतं. त्यामुळे बहुतेक वेळा मनगटाच्या जरा वर, अंगठ्याच्या बाजूचं हाड मोडतं. हाड फारसं सरकलेलं नसेल तर नुसतं प्लास्टर पुरतं. सरकलेलं असेल तर भूल देऊन ते जागेवर बसवतो आणि मग कोपराखालपासून तळहातापर्यंत प्लास्टर घालतो. मुलांची हाडं लवकर जुळतात, म्हणून डॉक्टर आणि पालक दोघंही या फ्रॅक्चरकडे जरा निर्धास्तपणे बघतात. ते बहुतांशी बरोबरही आहे. पण धोका असतो तो हाडाला कमी आणि हाडाभोवतीच्या स्नायूंना जास्त, आणि तोही पहिल्या दोन-तीन दिवसांतच.

आमच्याकडे पूर्वीपासून एक छापील पत्रक होतं. प्लास्टर भिजवू नये, आत काही घालू नये, सांगितलेल्या तारखेला दाखवण्यास यावे, आहार नेहमीप्रमाणे घ्यावा, अशा सूचना त्यात एकाखाली एक होत्या. शेवटून दुसऱ्या ओळीत होतं : बोटे निळी किंवा बधिर झाल्यास त्वरित संपर्क साधावा. त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. पण सगळ्या सूचना सारख्याच आकाराच्या अक्षरांत, सारख्याच वजनाने सांगितलेल्या. रात्री एक वाजता रडणारं मूल मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला त्यातलं आत्ता काय लागू आहे, ते शोधावं लागत होतं.

मग आमच्या सिस्टरनी एक साधी गोष्ट केली. प्लास्टरबद्दल रात्री येणारे फोन त्या एका वहीत लिहून ठेवू लागल्या : प्लास्टर कधी घातलं, फोन कधी आला, विचारलं काय. काही महिन्यांनी वही चाळली तेव्हा चित्र स्पष्ट दिसलं. पहिल्या दोन रात्रींतले फोन जवळजवळ सगळे दुखण्याचे आणि सुजेचे होते. आठवड्यानंतरचे फोन खाजेचे, भिजल्याचे, नाहीतर प्लास्टर सैल झाल्याचे. चौथ्या आठवड्यात विचारणा एकच : घरीच काढलं तर चालेल का? पालकांचे प्रश्न घड्याळाच्या आणि कॅलेंडरच्या क्रमाने येत होते. तेव्हा पत्रकही त्याच क्रमाने लिहायचं ठरलं. पहिल्या पानावर फक्त पहिली रात्र. बाकीचं मागच्या पानावर.

पहिल्या पानाच्या डोक्यावर तीन चौकोन आहेत : कच्चं प्लास्टर, पक्कं प्लास्टर, फायबर. प्लास्टर घालणारे आमचे मामा त्यातल्या एकावर खूण करतात. ही खूण महत्त्वाची का, ते सांगते. कच्चं प्लास्टर म्हणजे हाताच्या एका बाजूला ठेवलेली प्लास्टरची पट्टी आणि तिच्याभोवती गुंडाळलेलं बँडेज. ती हाताला सगळीकडून वेढत नाही, त्यामुळे सूज वाढली तर तिला जागा मिळते. पक्कं प्लास्टर हाताभोवती पूर्ण फिरतं आणि एकदा घट्ट झालं की तसूभरही ताणत नाही. पालकांना मात्र उलट वाटतं. ‘आमच्या पोराला कच्चंच घातलं, सरकारी दवाखाना ना’ अशी कुरबुर मी अनेकदा ऐकली आहे. म्हणून पत्रकात आता लिहिलेलं आहे की सूज उतरेपर्यंत कच्चं प्लास्टर मुद्दाम घालतात. जिथे हाड भूल देऊन बसवलेलं असतं तिथे ते पुन्हा सरकू नये म्हणून पक्कं घालावं लागतं, आणि तिथे पहिल्या रात्री जास्त लक्ष ठेवावं लागतं.

यानंतर येते हाताची ठेवण. ‘हात उंच ठेवा’ असं आम्ही वर्षानुवर्षं सांगत होतो आणि पालक मान डोलवत होते. एकदा मी वॉर्डमध्ये आयांना म्हटलं, ‘उंच म्हणजे कसा, ते करून दाखवा बघू.’ एकीने मुलाचा हात सरळ वर धरला, एकीने उशीवर ठेवला पण मूल उठून बसलेलं, म्हणजे हात पोटाच्या पातळीवर. तिसरीने गळ्यातली झोळी दाखवली. त्या झोळीत मनगट कोपराच्या खाली लोंबत होतं. अशा लोंबत्या हाताची सूज बोटांत उतरते. आता पत्रकात दोन रेषाचित्रं आहेत. झोपलेल्या मुलाच्या चित्रात हात उशांवर आहे, बोटं कोपराहून वर आणि कोपर छातीहून वर. बसलेल्या मुलाच्या चित्रात झोळी अशी बांधली आहे की हात कोपराच्या जरा वर, छातीशी येतो. पहिले दोन-तीन दिवस असं ठेवायचं आणि झोपताना झोळी गळ्यातून काढायची. जागेपणी दर तासाला बोटं दहा वेळा पूर्ण उघडायची, पूर्ण मिटायची. बोटांच्या हालचालीने सूज वर ढकलली जाते, त्यामुळे ‘हात हलवू नकोस’ असा दम बोटांना लागू नाही.

मग बोटांची तपासणी. ही घरी करता येते आणि तिला काही सामान लागत नाही. प्रत्येक बोटाचं नख दाबायचं, ते पांढरं होतं. सोडल्यावर साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. बोटं कोमट हवीत. टोकाला हलकेच स्पर्श केला तर मुलाला कळायला हवा. आणि त्याला ती स्वतःहून हलवता यायला हवीत. प्रत्येक वेळी दुसऱ्या, चांगल्या हाताशी ताडून बघायचं, कारण थंडीच्या रात्री दोन्ही हात गार असू शकतात. एकच हात गार असेल तर ते प्लास्टरचं काम. यात आमच्याकडे एक स्थानिक अडचण येते. लग्नसराईत आणि सणासुदीला मुलींच्या नखांवर मेंदी असते आणि मेंदीच्या नखावर रंग कळत नाही. नेलपॉलिश आम्ही प्लास्टर घालायच्या आधीच पुसतो. मेंदी असेल तर नखाऐवजी बोटाच्या टोकाचा गर दाबून बघायला शिकवतो. मनगटातला काळा दोरा, बांगड्या, बोटातली अंगठी यांचंही तसंच. हे सगळं अपघात विभागातच काढायचं. आजी ‘दोरा तेवढा राहू दे’ म्हणतात, तेव्हा तो चांगल्या हातात बांधायला सांगतो. सुजलेल्या हाताला आतून दोऱ्याने आवळलं तर ते बाहेरून कोणाला दिसणारही नाही.

आता या कागदाच्या गाभ्याकडे येते. हाड मोडलंय म्हटल्यावर दुखणारच, आणि पालकही ते धरूनच चालतात. मग कोणतं दुखणं नेहमीचं आणि कोणतं धोक्याचं?

कोपराखालच्या हातातले स्नायू चिवट पडद्यांच्या कप्प्यांत बसवलेले असतात. हे पडदे ताणत नाहीत. हाड मोडल्यावर त्या कप्प्यात रक्त उतरतं, सूज येते, आणि वर प्लास्टरचं न ताणणारं कवच असतं. आतला दाब वाढत गेला की बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि स्नायूंना रक्त मिळेनासं होतं. गंमत अशी की मोठ्या धमनीतला दाब याहून जास्त असतो, त्यामुळे नाडी लागत राहते आणि बोटं गुलाबीही दिसू शकतात, तरी आत स्नायू मरत असतात. म्हणजे निळी-पांढरी बोटं ही उशिराची खूण आहे, तिची वाट बघत बसायचं नाही. सगळ्यात आधीची खूण म्हणजे वाढत जाणारं दुखणं. रक्ताविना सुमारे सहा तास गेले की स्नायूंची हानी भरून न येणारी होऊ लागते. पुढे ते आकसतात आणि बोटं आत वळून कायमची तशीच राहतात. १८८१ साली जर्मनीतल्या रिचर्ड फोन फोल्कमान या सर्जननी या आकसण्याचं वर्णन केलं आणि घट्ट आवळलेल्या बँडेजकडे बोट दाखवलं. हेच फोल्कमान टोपणनावाने मुलांसाठी परीकथा लिहायचे. बोटं अशी आकसलेली मुलं मी पाहिली आहेत. त्या हाताचं हाड एक्स-रेमध्ये उत्तम जुळलेलं असतं.

म्हणून पत्रकाच्या पहिल्या पानावर जाड चौकटीत दुखण्याची कसोटी दिली आहे. दुखणं वाढतंय असं वाटलं तर तीन गोष्टी करा : हात चित्रातल्यासारखा उंच ठेवा, औषधाची वेळ झाली असेल तर ठरलेला डोस द्या आणि बोटं हलवायला लावा. तासाभरात दुखणं कमी व्हायला हवं. कमी झालं नाही किंवा वाढलं, तर रात्र असली तरी निघा. त्याच चौकटीत खाली : बोटं बधिर, मुंग्या आलेली, पांढरी, निळी किंवा गार असतील, मुलाला ती हलवता येत नसतील, किंवा तुम्ही हळूच सरळ केल्यावर ते कळवळत असेल, तर तासभरही थांबू नका. वाटेत हात छातीच्या पातळीवर धरा, त्याहून उंच नको. हे शेवटचं वाक्य वाचून पालक बुचकळ्यात पडतात, कारण वर आम्हीच उंच ठेवा म्हटलेलं असतं. साध्या सुजेत उंचीचा फायदा होतो. पण आत दाब वाढलाच असेल तर हात फार उंच धरल्याने तिथे पोचणारं रक्त आणखी कमी होतं.

तीन-चार वर्षांच्या मुलाला ‘मुंग्या येतात का’ हे विचारून उपयोग नसतो. त्यांच्यासाठी वेगळी ओळ आहे : मूल अस्वस्थ आहे, कशानेही शांत होत नाही आणि औषध पुन्हापुन्हा लागतंय. हे तीन एकत्र दिसले तर ‘किरकिर करतोय’ म्हणून सोडून देऊ नका. उलट औषधानंतर मूल शांत झोपलं, तर ती चांगली खूण. त्याला उठवू नका, झोपेतच बोटांचा रंग आणि ऊब बघा.

या कसोटीत ‘ठरलेला डोस’ हे शब्द आहेत आणि त्यांनीच आम्हाला सर्वात जास्त त्रास दिला. मुलांना दुखण्यावर आम्ही पॅरासिटामॉल देतो, वजनाच्या दर किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये किमान सहा तास. बावीस किलोच्या मुलाला एका वेळी साधारण ३०० मिलिग्रॅम. पण बाजारात हे सिरप दोन ताकदींचं मिळतं. एकात पाच मिलिलिटरला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, दुसऱ्यात २५०. बाटल्या दिसायला सारख्या, घरात आधीची एखादी उरलेलीही असते. २५०च्या सिरपचे सहा मिलिलिटर म्हणजे ३०० मिलिग्रॅम. तेच सहा मिलिलिटर १२०च्या सिरपचे दिले तर मुलाला निम्म्याहून कमी औषध मिळतं. मग दुखणं थांबत नाही आणि कसोटी खोटी ठरते : हात ठीक असतो, पण आई घाबरून रात्री गाडी शोधते. उलट बाजूने झालं तर डोस दुप्पट होतो, आणि वारंवार दुप्पट डोस यकृताला मानवत नाही. म्हणून पत्रकात डोस छापलेला नाही. तिथे मोकळी जागा आहे : मुलाचं वजन, सिरपची ताकद, मिलिलिटर, शेवटचा डोस किती वाजता दिला. ही जागा सिस्टर हाताने भरतात आणि बाटलीवर तोच आकडा पेनाने लिहितात.

या पानाचा उपयोग कसा झाला, ते एका मुलाच्या गोष्टीवरून सांगते. दुसरी-तिसरीतला मुलगा, काजूच्या झाडावरून पडला. मनगटावरचं हाड मोडून मागे सरकलेलं. संध्याकाळी भूल देऊन ते बसवलं, पक्कं प्लास्टर घातलं, एक्स-रेमध्ये हाड जागेवर. काही तास ठेवून घेतलं, बोटं व्यवस्थित होती. वाडी फार लांब नव्हती, घरच्यांनी न्यायचा आग्रह धरला. वडील मुंबईला कामाला, घरी आई आणि आजी. जाताना सिस्टरनी डोसची जागा भरली : बावीस किलो, २५०चं सिरप, सहा मिलिलिटर, शेवटचा डोस सात वाजता.

रात्री एकच्या सुमारास मुलगा दुखतंय म्हणून उठला. आजी म्हणाली, हाड बसवलंय, ठणकणारच. आईने कागद उघडला. हात उशीवरून घसरला होता, तो पुन्हा वर ठेवला. सात वाजून सहा तास होत आले होते, म्हणून डोस दिला. बोटं हलवायला सांगितली तर तो थोडीशीच हलवत होता. मोबाइलच्या उजेडात नखं बघितली, रंग दोन्ही हातांचा सारखाच होता. पण दोन वाजता मुलगा आधीपेक्षा जास्त रडत होता आणि तिने मधलं बोट सरळ करायला घेतलं तसा ओरडला. तिने १०८ला फोन लावला आणि आम्हालाही. फोनवर तिने जे सांगितलं ते मला अजून आठवतं, कारण त्यात एकही वायफळ शब्द नव्हता : ‘औषध देऊन तास झाला, दुखणं वाढलंय, बोट सरळ केलं की ओरडतोय, रंग ठीक आहे.’ एवढं ऐकलं की डॉक्टरला आणखी काही विचारायला लागत नाही.

तो आला तेव्हा मामांनी करवत तयार ठेवली होती. प्लास्टर दोन्ही बाजूंनी लांबीभर कापलं आणि फाकवलं. इथे अर्धवट काम चालत नाही. आतला कापूस आणि जाळीही त्वचा दिसेपर्यंत कापावी लागते, कारण वाळलेल्या रक्ताने कापूस कडक झाला तर तोही पट्ट्यासारखा आवळतो. कापूस सुटला तसा मुलगा दहा-पंधरा मिनिटांत शांत झाला. अर्ध्या तासाने मी त्याची बोटं सरळ केली तर त्याने नुसतं तोंड वाकडं केलं. म्हणजे दाब स्नायूंना इजा करण्याइतका वाढायच्या आत तो इथे पोचला होता. प्लास्टर उघडूनही दुखणं तसंच राहिलं असतं, तर त्याच रात्री ऑपरेशन करून स्नायूंचे पडदे मोकळे करावे लागले असते. कापलेलं प्लास्टर बँडेजने सैलसर बांधून त्याला वॉर्डमध्ये ठेवलं आणि सूज उतरल्यावर नवं पक्कं घातलं.

त्या रात्रीनंतर पहिल्या पानात एक भर पडली. घाटाखाली अशा वाड्या आहेत की पावसाळ्यात गाडी यायला दोन-तीन तास लागतात. कच्चं प्लास्टर असेल आणि गाडी मिळत नसेल, तर आम्हाला फोन करा. आम्ही सांगू तेव्हा बँडेज आणि आतला कापूस बोटांकडून कोपरापर्यंत कात्रीने मोकळा करायचा, पट्टी मात्र हाताखाली आधाराला तशीच ठेवायची आणि निघायचं. हाड थोडं सरकलं तर पुन्हा बसवता येतं. पक्कं प्लास्टर मात्र घरी कापायचं नाही, कापता येतही नाही. त्यासाठी लवकर निघणं हाच उपाय. चौकोनातली मामांची खूण इथे कामाला येते.

मागच्या पानावर पुढचे आठवडे आहेत. आमच्याकडे जुलै-ऑगस्टचं प्लास्टर हे वेगळंच प्रकरण असतं. साधं प्लास्टर काही मिनिटांत घट्ट होतं, पण त्यातलं पाणी निघून जाऊन ते पुरतं टणक व्हायला कोरड्या हवेत दोन दिवस लागतात. कोकणातल्या पावसाळ्यात त्याहून जास्त. तोवर ते कच्च्या मडक्यासारखं असतं : बोट रुतलं तर खड्डा पडतो आणि तो खड्डा आतून कातडीला टोचत राहतो. म्हणून ओलं असेपर्यंत हात मऊ उशीवर, टेबलाच्या कडेवर नाही. वाळवायला पंखा चालेल, चूल, शेगडी किंवा गरम हेअर ड्रायर चालणार नाही. बाहेरून वाळतं, आत ओल राहते आणि कातडी भाजू शकते. फायबरचं प्लास्टर लवकर टणक होतं आणि पाण्याने वितळत नाही, म्हणून पालक ते बिनधास्त भिजू देतात. पण त्याच्याही आत कापूसच असतो. तो भिजला की वाळत नाही, कातडी पांढरी पडून सोलवटते. अंघोळीला प्लास्टरच्या वरच्या काठाला कोरडा पंचा गुंडाळायचा, त्यावर प्लास्टिकची पिशवी, चिकटपट्टी, आणि हात बादलीपासून लांब. अंघोळ झाली की पिशवी लगेच काढायची, नाहीतर घामानेच आतून भिजतं. पिशवीला रबरबँड लावू नका, तो विसरला जातो.

खाजेबद्दल मामांचा अनुभव दांडगा आहे. प्लास्टर काढताना त्यांना आत पेन्सिलीचे तुकडे, चिंचोके, झाडूचे हीर आणि एकदा एक रुपयाचं नाणं सापडलं आहे. हीर किंवा विणकामाची सुई आत घातली की कातडी खरचटते, आणि बंद, ओलसर जागेत ती जखम चिघळते. आजीने वरून ओतलेलं खोबरेल तेलही तिथेच साचतं. खाज सुटली तर प्लास्टरवर वरून टिचक्या माराव्यात, गार हवेवर ठेवलेला ड्रायर काठाशी धरावा. घाण वास, आतून ओलेपणा, डाग किंवा ताप आला तर तारखेची वाट न बघता दाखवावं.

दुसऱ्या आठवड्याची एक्स-रेची तारीख ही पत्रकातली सर्वात जास्त चुकवली जाणारी सूचना आहे. दुखणं थांबलेलं असतं, पोर खेळत असतं, मग पंचवीस किलोमीटर कशाला जायचं? पण सात ते दहा दिवसांत सूज उतरते, प्लास्टर सैल होतं आणि हाड आत सरकू शकतं. सरकलेलं हाड दुखतंच असं नाही. त्या सुमारास दिसलं तर पुन्हा बसवता येतं. दोन आठवडे उलटले की मुलांचं हाड चिकटायला लागतं आणि ते अवघड होतं. पत्रकात तारखेपुढे आता हे कारणही लिहिलं आहे. तेव्हापासून त्या तारखेला येणारी मंडळी वाढली आहेत, असं ओपीडीतल्या मावशी सांगतात. प्लास्टर त्याआधीच सैल होऊन हात आत फिरत असेल, किंवा तळहाताशी मोडलं असेल, तर लवकर यायचं.

प्लास्टर काढायच्या करवतीला मुलं फार घाबरतात. तिचं पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. टणक प्लास्टर कापतं, मऊ कातडी मात्र त्याच्याबरोबर हलते. चालवताना पातं तापतं, म्हणून मामा मधूनमधून थांबतात. काढल्यावर हात बारीक, कोरडा, केसाळ आणि ताठरलेला दिसतो, ते नेहमीचं आहे. कोमट पाण्याने धुवा, खरवडू नका, मुलाला स्वतः हात वापरू द्या. हाडवैद्याकडे चोळायला नेऊ नका, जोराने चोळण्या-ओढण्याने ताठरपणा वाढतो. आणि पुढचा महिना-दीड महिना झाड, सायकल, क्रिकेट बंद, कारण नव्याने जुळलेलं हाड त्याच जागी पुन्हा मोडण्याची शक्यता या काळात जास्त असते.

कागद लिहून झाल्यावर तो वाचवून घेणं हे खरं काम होतं. ‘समजलं का?’ विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात. म्हणून सिस्टर आता विचारतात, ‘आज रात्री एक वाजता हा रडायला लागला तर तुम्ही काय कराल?’ उत्तर देणारा अडखळला तर दोष कागदाचा धरायचा, असं आम्ही ठरवलं. पहिल्या आवृत्तीत धोक्याची चौकट लाल रंगात होती. झेरॉक्समध्ये ती काळी होऊन अक्षरंच दिसेनाशी झाली, म्हणून जाड काळी रेघ आली. घरी रात्री जागणारी व्यक्ती बऱ्याचदा आजी असते आणि तिला वाचता येतंच असं नाही, म्हणून चित्रं मोठी झाली. फोन नंबर तळातून वर, चौकटीत गेला.

या पत्रकामुळे रात्री विनाकारण येणारी मुलं वाढली, अशी तक्रार आमच्याच काही सहकाऱ्यांनी केली. वाढली, हे खरं आहे. त्यातल्या बहुतेकांना हात नीट उंच ठेवून आणि औषधाचा डोस तपासून परत पाठवता येतं, आणि त्याला पंधरा मिनिटं लागतात. उशिरा आलेल्या एका मुलाचा हात मात्र आयुष्यभर तसाच राहतो. तेव्हा तुमच्या घरात प्लास्टर घातलेलं मूल असेल तर एवढं करा : डॉक्टरांकडून डोसचा आकडा आणि रात्रीचा फोन नंबर लिहून घ्या, आणि उंच ठेवून, औषध देऊन तासाभरात दुखणं कमी झालं नाही तर सकाळची वाट बघू नका.